कडेने मऊ, कर्णाने ताठ

जेट इंजिनाच्या टर्बाइनमध्ये तप्त वायूचा मारा झेलणारी पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात. साधं ओतकाम केलं तर असं पातं असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचं बनतं. प्रचंड उष्णतेत या कणांच्या सीमाच आधी दगा देतात. म्हणून पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं तंत्र आलं. प्रॅट अँड व्हिटनीच्या जेटी९डी-७आर४ इंजिनात अशी पाती १९८२ मध्ये प्रवासी विमानसेवेत आली. भारतात हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने हे तंत्र विकसित केलं आणि २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती एचएएलला देण्यात आली.

कणसीमा गेल्या, पण त्याबरोबर एक नवी गोष्ट हिशेबात धरावी लागली. असंख्य कणांच्या धातूत प्रत्येक कण वेगळ्या दिशेला तोंड करून असतो, त्यामुळे सरासरी निघते आणि धातू सगळीकडून सारखा वाटतो. एकस्फटिकात ही सरासरी उरत नाही. शुद्ध निकेलच्या नेहमीच्या तुकड्याचा यंग गुणांक, म्हणजे ताणाला होणारा त्याचा विरोध, सुमारे २०० गिगापास्कल असतो. निकेलचा एकच स्फटिक घेऊन तो अणुजालाच्या घनाच्या कडेने ओढला तर हा आकडा १३६ वर येतो. तोच स्फटिक घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णाने ओढला तर ३०४ मिळतो. अणू तेच, बंध तेच, तरीही दुपटीहून जास्त फरक.

कोणत्याही स्फटिकाची स्थितिस्थापकता पूर्णपणे सांगायला जास्तीत जास्त २१ स्थिरांक लागतात. घनाकृती स्फटिकाच्या तिन्ही कडा एकमेकींसारख्या असल्यामुळे त्यातले तीनच उरतात : C11, C12 आणि C44. घनाची एक कड लांबवली आणि बाकीच्या दोन तशाच धरून ठेवल्या, तर त्याच दिशेत जे प्रतिबल येतं ते C11 सांगतो आणि आडव्या दिशांत जे येतं ते C12 सांगतो. घनाचे कोपरे तिरके करायला लागणारा जोर म्हणजे C44. निकेलसाठी हे आकडे अनुक्रमे २४६.५, १४७.३ आणि १२४.७ गिगापास्कल आहेत. ते मोजण्यासाठी स्फटिकातून स्वनातीत लहरी सोडतात. कडेच्या दिशेने जाणाऱ्या अनुतरंगाच्या वेगाचा वर्ग गुणिले घनता म्हणजेच C11. निकेलमध्ये हा वेग सेकंदाला सुमारे ५,२६० मीटर भरतो. निकेल चुंबकीय असल्याने मोजताना बाहेरून जोरदार चुंबकीय क्षेत्र लावावं लागतं, नाहीतर आतल्या चुंबकीय क्षेत्रकांच्या हालचालीमुळे स्फटिक उगाच मऊ भासतो.

आता ओढणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. कोणताही पदार्थ एका दिशेने ओढला की दोन गोष्टी होतात : त्याचं आकारमान थोडं वाढतं आणि त्याचा आकार बदलतो. आकारमान वाढण्याला होणारा विरोध घनाकृती स्फटिकात दिशेवर अवलंबून नसतो. तो (C11 + 2C12)/3 इतका, म्हणजे निकेलमध्ये सुमारे १८० गिगापास्कल असतो. फरक पडतो तो आकार बदलण्यात, कारण घनाचा आकार बदलायचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. पहिल्यात सगळे काटकोन शाबूत राहतात आणि कडांची लांबी बदलून घनाची वीट होते. याला विरोध (C11 − C12)/2, म्हणजे फक्त ४९.६. दुसऱ्यात कडा सारख्याच राहतात आणि काटकोन मोडतात. याला विरोध C44, म्हणजे १२४.७.

कडेच्या दिशेने ओढलं तर घनाची वीट होते, काटकोनांना धक्का लागत नाही. म्हणजे फक्त मऊ मार्ग वापरला जातो. कर्णाच्या दिशेने ओढलं तर तिन्ही कडांवर सारखाच परिणाम होतो, म्हणून वीट होऊच शकत नाही, काटकोनच मोडावे लागतात. म्हणजे फक्त ताठ मार्ग. आकारमानाचा विरोध K आणि आकारबदलाचा विरोध G म्हटला, तर या दोन्ही दिशांसाठी सूत्र एकच आहे :

1/E = 1/(9K) + 1/(3G)

कडेसाठी ०.०००६२ अधिक ०.००६७२, बेरीज ०.००७३४, आणि तिचा व्यस्त १३६. कर्णासाठी ०.०००६२ अधिक ०.००२६७, बेरीज ०.००३२९, व्यस्त ३०४. वर दिलेले दोन आकडे असे निघतात. मधल्या दिशांना दोन्ही मार्गांचं मिश्रण होतं. घनाच्या एका पृष्ठाच्या कर्णावर गुणांक २३३ च्या आसपास येतो.

वीट होण्याचा मार्ग इतका मऊ का? निकेलमध्ये प्रत्येक अणूचे सर्वांत जवळचे शेजारी पृष्ठकर्णांवर असतात, कडेवर नसतात. कडेने ओढलं की बरेचसे बंध ४५ अंशांत तिरके सापडतात. दुकानाचं चॅनल गेट ओढताना त्याच्या तिरक्या पट्ट्या लांब होत नाहीत, नुसत्या वळतात. हे बंधही बऱ्याच अंशी तसेच वळून मोकळे होतात. जवळच्या शेजाऱ्यांमधले बंध नुसत्या स्प्रिंगा मानून हिशेब केला, तर ताठ आणि मऊ विरोधांचं गुणोत्तर बरोबर २ निघतं. क्लेरेन्स झीनर यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे गुणोत्तर निकेलमध्ये प्रत्यक्षात २.५ आहे आणि तांब्यात ३.२. रचना तीच असूनही ॲल्युमिनियममध्ये ते जेमतेम १.२ भरतं, म्हणजे निव्वळ भूमिती पुरत नाही, इलेक्ट्रॉनांचाही त्यात मोठा हात असतो. टंगस्टनमध्ये गुणोत्तर जवळपास १ आहे, त्यामुळे त्याचा एकस्फटिक कसाही ओढला तरी सारखाच ताठ. मॉलिब्डेनममध्ये ते १ पेक्षा कमी असल्याने चित्र उलटतं आणि कडच सर्वांत ताठ ठरते.

पात्यासाठी दिशा निवडताना ताठ कर्ण घ्यावा असं वाटणं साहजिक आहे. अभियंते मात्र मुद्दाम मऊ कड पात्याच्या लांबीत ठेवतात, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. घनाकृती स्फटिक तापल्यावर सगळ्या दिशांना सारखाच प्रसरण पावतो. दिशेचा भेद औष्णिक प्रसरणात नसतो, स्थितिस्थापकतेत असतो. पात्याचा बाहेरचा भाग तापलेला आणि आतला थंड हवेने निववलेला, असा १०० अंशांचा फरक धरला, तर निकेलच्या तापलेल्या भागाला लांबीत सुमारे ०.१३ टक्के वाढायचं असतं आणि थंड भाग ते होऊ देत नाही. ही वाढ पुरती अडली, तर कडेच्या दिशेत सुमारे १७७ मेगापास्कल प्रतिबल येतं, कर्णाच्या दिशेत ३९५. इंजिन चालू-बंद होताना हेच प्रतिबल पुन्हा पुन्हा चढतं-उतरतं आणि त्यातून तडे जातात. मिश्रधातूचे आकडे शुद्ध निकेलहून थोडे वेगळे असतात आणि तापमान वाढलं की उतरतात, पण मऊ दिशेचा फायदा टिकून राहतो.

सुदैवाने ओतकामातही हीच दिशा आपसूक मिळते. थंड तांब्याच्या तबकडीवरचा साचा भट्टीतून हळूहळू खाली ओढला जातो आणि गोठणाऱ्या धातूत कडेच्या दिशेने वाढणारे स्फटिक इतरांना मागे टाकतात. वाटेतल्या नागमोडी नळीतून त्यातला एकच पुढे निघतो. तो नेमका सरळ असेलच असं नाही. शुद्ध निकेलचेच आकडे घेतले, तर १५ अंशांचा कल गुणांक १३६ वरून १५२ वर नेतो. औष्णिक प्रतिबल त्याच प्रमाणात वाढतं आणि पात्याच्या कंपनाची नैसर्गिक वारंवारता सुमारे ६ टक्क्यांनी सरकते. इंजिनाच्या फेऱ्यांपासून मुद्दाम दूर ठेवलेली वारंवारता अशी त्यांच्या जवळ येऊ शकते. डोळ्यांना असं पातं चांगल्या पात्यासारखंच दिसतं. म्हणून क्ष-किरणांचा झोत टाकून लाउए पद्धतीने उमटणाऱ्या ठिपक्यांवरून स्फटिकाची दिशा वाचतात आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडे कललेली पाती बाद करतात.