झोका आणि रेडिओची खुंटी

स्प्रिंगला टांगलेले वजन तालात ढकलले की झोके वाढतात; घर्षण त्यांना आवरते. वेटोळे, कंडेन्सर व रोध एकापुढे एक जोडले की विजेचेही तेच होते. वेटोळे हे वजन, कंडेन्सर ही स्प्रिंग, रोध हे घर्षण.

आपण 200 मायक्रोहेन्रीचे वेटोळे व 127 पिकोफॅरडचा कंडेन्सर घेऊ. मेळ 1000 किलोहर्ट्झवर बसतो. दोन्ही बाजूंना शक्ती जेथे निम्मी उरते, त्यांतील अंतर म्हणजे अनुनादाची रुंदी: R/(2πL). रोध 12.6 ओहम, तर रुंदी 10 किलोहर्ट्झ. रोध दुप्पट केल्यास ती 20 होते आणि 9 किलोहर्ट्झवरचे तितकेच बलवान शेजारी केंद्र निम्म्याहून अधिक शक्तीने आत शिरते. रोध फार घटवला, तर गाण्यातले उंच स्वर छाटले जातात. म्हणून आम्ही म्हणतो, थोडे घर्षण हवेच.