एक, सहा, अकरा : एका इमारतीच्या वाय-फायचा मागोवा

२००५ साली केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झची पट्टी परवानामुक्त केली, तेव्हा आमच्या कोथरूडच्या इमारतीत कोणाकडे राउटर नव्हता. सात मजले, मजल्यावर चार बिऱ्हाडं, टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट आणि टेबलावरचा संगणक. पहिले राउटर आले ते २०१० च्या आसपास, लॅपटॉप घरोघरी येऊ लागल्यावर. त्या काळात चॅनलचा विचार कोणी करत नसे, आणि करायची गरजही नव्हती. हवा मोकळी होती. राउटर जो चॅनल घेऊन यायचा, त्यावरच वर्षानुवर्षं चालायचा.

या पट्टीत भारतात १ ते १३ चॅनल वापरता येतात, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येक राउटर किमान २० मेगाहर्ट्झ व्यापतो. म्हणजे ३ नंबरवर बसलेला राउटर १ आणि ५ या दोघांच्याही हद्दीत हातपाय पसरून बसलेला असतो. एकमेकांना अजिबात न छेदणारे चॅनल तीनच निघतात : १, ६ आणि ११. तेराव्या चॅनलचा मोह काहींना होतो, पण तो अकराव्याला कापतो, शिवाय अमेरिकेहून आणलेल्या बऱ्याच लॅपटॉपना आणि फोनना तो दिसतच नाही. मुलगी सुट्टीला आली की घरात फक्त तिचाच लॅपटॉप जोडला जात नाही, याचं कारण अनेकदा हेच असतं.

२०१४ नंतर चित्र झपाट्याने बदललं. केबलवाल्यांनी इंटरनेट द्यायला सुरुवात केली, स्मार्टफोन स्वस्त झाले, आणि दोन-तीन वर्षांत इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात राउटर आला. तो राउटर ८०२.११एन या २००९ च्या मानकाचा असे आणि त्यात ४० मेगाहर्ट्झ रुंदीची सोय असे. खोक्यावर छापलेले ३०० एमबीपीएस त्या ४० मुळेच मिळायचे. पण सगळी पट्टीच ८३.५ मेगाहर्ट्झची. एका घराने ४० घेतले की १, ६, ११ पैकी दोन चॅनल त्याच्या खाली गेले. शेजारी दुसरं नेटवर्क ऐकू आलं तर राउटरने आपणहून २० वर यावं, असा नियम त्या मानकात होता, पण घरगुती राउटरमध्ये तो बऱ्याचदा पाळला जात नसे. माझ्या मते त्या वर्षांतला सगळ्यात मोठा घोळ हा एका सेटिंगचा होता.

मग मार्च २०२० ची टाळेबंदी आली आणि सगळं घर एकाच वेळी ऑनलाइन झालं. त्या काळातली एक गोष्ट तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात सगळा प्रश्न आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शिक्षिका. सकाळचा वर्ग सुरळीत चालायचा, पण संध्याकाळच्या तासाला आवाज तुटायचा. "अहो, सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, मग अडतंय कुठे?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. काड्या फक्त राउटरचा आवाज किती मोठा ऐकू येतो ते सांगतात. मध्ये गोंगाट किती आहे, ते सांगत नाहीत. म्हणून आधी इंटरनेट दोषी की घरातली हवा, हे वेगळं काढलं. लॅपटॉपवरून बाहेरच्या कुठल्या साइटला नाही, तर स्वतःच्याच राउटरला पिंग केलं :

```
ping -n 50 192.168.1.1
```

केबल लावून उत्तर एका मिलिसेकंदात येत होतं. केबल काढून वाय-फायवर तोच लॅपटॉप, तीच खुर्ची, आणि उत्तरं १५०, ३०० मिलिसेकंदांवर उड्या मारत होती. अधूनमधून "Request timed out". राउटर आठ फुटांवर. म्हणजे बिघाड त्या आठ फुटांतच होता, बाहेरच्या लाइनमध्ये नव्हता. मग कोण कुठे बसलंय ते पाहिलं :

```
netsh wlan show networks mode=bssid
```

काकूंचा राउटर ३ नंबरवर होता. त्यांच्या भाच्याने मोबाइलवरच्या ॲपमध्ये पाहून मुद्दाम तिथे ठेवला होता, कारण तिथे दुसरं कोणीच दिसत नव्हतं. खालच्या आणि बाजूच्या घरांची चार नेटवर्क १ वर, समोरच्यांची ६ वर, आणि वरची दोन ११ वर. रिकामा दिसणारा ३ हाच सगळ्यांत वाईट चॅनल होता, आणि तो का, हे नीट समजून घ्यायला हवं.

वाय-फायचा प्रत्येक राउटर बोलण्याआधी ऐकतो. त्याच चॅनलवर दुसरा बोलत असेल तर त्याचे शब्द त्याला कळतात, तो थांबतो आणि आपली पाळी घेतो. सोसायटीच्या सभेत एका खोलीत बसलेली माणसं जशी एकमेकांचं संपेपर्यंत थांबतात, तसंच. शेजारच्या खोलीतली आरडाओरड मात्र नुसता गोंगाट असते. तिच्यासाठी कोणी थांबत नाही आणि तिच्यामुळे इथलं ऐकूही येत नाही. आकड्यांत सांगायचं तर स्वतःच्या चॅनलवरचं परकं बोलणं राउटर उणे ८२ डीबीएमइतकं क्षीण असलं तरी ओळखतो. अर्धवट छेदणाऱ्या चॅनलवरून आलेली ऊर्जा मात्र उणे ६२ च्या वर गेली तरच तो थांबतो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट. या मधल्या पट्ट्यात येणारे शेजारी काकूंसाठी थांबत नव्हते आणि काकूंचा राउटर त्यांच्यासाठी थांबत नव्हता. दोघांचे शब्द एकमेकांवर आदळत होते आणि पुन्हा पुन्हा पाठवावे लागत होते. सकाळी हेच शेजारी गप्प असल्यामुळे वर्ग नीट चालायचा.

आता १ की ११? ११ वर नेटवर्क दोनच होती, पण त्यातल्या एका घरात संध्याकाळी टीव्हीवर सिनेमे चालायचे. १ वर चार होती, पण त्यांचा वापर किरकोळ. ॲप नेटवर्क मोजून दाखवतं, ती किती वेळ हवा अडवतात ते दाखवत नाही. म्हणून दोन्हीकडे ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी पिंग करून पाहणं हाच खरा उपाय. १ वर, रुंदी २० ठेवून, उत्तरं ५ ते ३० मिलिसेकंदांत येऊ लागली आणि गहाळ होणं थांबलं. चार शेजाऱ्यांसोबत पाळी घेऊनही.

नुसत्या संख्येलाही किंमत असते, हेही खरं. प्रत्येक नेटवर्क आपलं नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारतं. जुन्या उपकरणांसाठी हा पुकारा १ एमबीपीएसच्या संथ गतीने होतो आणि अडीचशे बाइटच्या एका पुकाऱ्याला दोन मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागतं. एका चॅनलवर वीस नावं स्पष्ट ऐकू येत असतील तर कोणी काहीही न पाहता चाळीस टक्क्यांहून अधिक वेळ निव्वळ नावं पुकारण्यात जातो. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, टीव्हीसाठी वेगळं, अशी नावं वाढवत नेणाऱ्यांना म्हणूनच मी दोन नावं बंद करायला सांगतो. राउटरमध्ये ८०२.११बी बंद करायची सोय असेल तर पुकारा ६ एमबीपीएसवर जातो आणि हा खर्च कितीतरी उतरतो.

चॅनल "Auto" वर का ठेवू नये, हेही त्याच काळात कळलं. बहुतेक घरगुती राउटर चॅनल निवडतात ते चालू होताना. गुरुवारी दुपारी वीज गेली की सगळे एकदम बंद होतात आणि आली की एकदम जागे होतात. प्रत्येक जण कान देतो तेव्हा बाकीचे अजून बोलायला लागलेले नसतात. हवा सगळ्यांनाच रिकामी वाटते आणि निम्मे जण एकाच जागी जाऊन बसतात, पुढची वीज जाईपर्यंत.

ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतात ५ गिगाहर्ट्झमध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले होते. त्याचा खरा उपयोग आमच्याकडे टाळेबंदीनंतर, फायबरसोबत नवे दोन पट्ट्यांचे राउटर आल्यावर सुरू झाला. वर्षभर सगळे खूश होते. मग जुनी तक्रार नव्या पट्टीवर हजर झाली, आणि कारणही जुनंच : रुंदी. हे राउटर ८० मेगाहर्ट्झवर लावून येत. त्यातले बरेचसे फक्त ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हेच चॅनल वापरत. म्हणजे ८० च्या जागा दोन, आणि घरं अठ्ठावीस.

इथे एक हिशेब करायलाच हवा. दोन अँटेनांच्या फोनला ८०२.११एसीवर ८० मेगाहर्ट्झमध्ये कागदावर ८६७ एमबीपीएस मिळतात, ४० मध्ये ४००. प्रत्यक्षात जवळपास निम्मे धरा. इमारतीतले बहुतेक प्लॅन १०० एमबीपीएसचे. ४० मेगाहर्ट्झलाच ते पुरून उरतात. शिवाय रुंदी दुप्पट केली की तितकीच शक्ती दुप्पट जागेत पसरते आणि गोंगाट ३ डेसिबलने वाढतो. ४० वरून ८० वर गेलेल्याला मागच्या बेडरूममध्ये वेग वाढण्याऐवजी कमी झालेला दिसतो तो यामुळे.

म्हणून समितीच्या बैठकीत एक तक्ता ठरवला. सगळीकडे ४० मेगाहर्ट्झ. मजल्यावरच्या चार घरांना ३६, ४४, १४९ आणि १५७. वरच्या मजल्यावर हीच मांडणी दोन घरं पुढे सरकवलेली, म्हणजे डोक्यावरच्या घरात कधीही तोच चॅनल येत नाही. काँक्रीटचा स्लॅब ५ गिगाहर्ट्झला चांगलाच अडवतो, त्यामुळे दोन स्लॅबपलीकडे तोच चॅनल पुन्हा आला तरी त्रास नगण्य. ज्यांच्या राउटरमध्ये ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे मधले चॅनल होते, त्यांना तिकडे पाठवलं. ते चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात, म्हणून राउटर सुरू होताना आधी एक मिनिट ऐकतो, आणि रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडून अर्धा तास तिकडे फिरकत नाही. वर्गात किंवा मीटिंगमध्ये असताना हे झालं तर जोडणी तुटते. ज्यांच्याकडे तसं वारंवार झालं, त्यांना परत ४४ वर आणलं.

तक्ता पुरता टिकला असं नाही. दुरुस्तीला आलेला माणूस राउटर रीसेट करतो आणि ८० परत येतो. भाडेकरू बदलतात. म्हणून लिफ्टशेजारच्या फलकावर फ्लॅट नंबर, चॅनल आणि रुंदी अशा तीन रकान्यांचा कागद लावलेला असतो, आणि तक्रार आली की आधी त्या घराचा आणि वरच्या-खालच्या घरांचा रकाना तपासला जातो. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागातले, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, घरात कमी शक्तीने वापरण्यासाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा सरकारने काढला. त्या ५०० मेगाहर्ट्झमध्ये ८० च्या सहा जागा बसतात, १६० च्या तीन आणि ३२० ची फक्त एक. नवे राउटर ३२० ची जाहिरात करतात. आमच्या कागदावर त्या पट्टीसाठी चौथा रकाना आखला आहे आणि त्याच्या डोक्यावर रुंदी आधीच लिहून ठेवली आहे : ८०.