गळती ऑइलमुळे की सीलमुळे?

दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत सिंथेटिक ऑइल टाकू का, असं गॅरेजमध्ये विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "नका टाकू, सील गळायला लागतील." हे सांगणारा मेकॅनिक खोटं बोलत नसतो. ऑइल बदललं आणि पंधरा दिवसांत गाडीखाली डाग पडला, असं त्याने पाहिलेलं असतं. पण त्या डागाचं खापर तो ज्यावर फोडतो, ते कारण आजच्या ऑइलला फारसं लागू पडत नाही.

या भीतीला एके काळी चांगला आधार होता. इंजिनातून बाहेर येणाऱ्या शाफ्टभोवती रबराची सील असतात. जुन्या पद्धतीच्या मिनरल ऑइलमध्ये काही घटक असे असतात की ते रबरात मुरतात आणि सील किंचित फुगतं. फुगलेलं सील शाफ्टला घट्ट धरून बसतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी सिंथेटिक ऑइल बाजारात आलं, तेव्हा त्याचा मुख्य घटक होता पॉलिअल्फाओलेफिन. हा द्रव रबर फुगवत नाही, उलट आधी फुगलेलं रबर थोडं आकसतं. त्यात ते ऑइल तेव्हाच्या प्रचलित ऑइलपेक्षा पातळ होतं. वर्षानुवर्षं मिनरलवर चाललेल्या इंजिनात ते ओतल्यावर काही गाड्या खरोखरच गळल्या.

उत्पादकांनी यावर लवकरच उपाय काढला. सिंथेटिकमध्ये एस्टर किंवा तशीच रबर फुगवणारी द्रव्यं मोजून मिसळायला सुरुवात झाली, म्हणजे सील ना आकसेल ना जास्त फुगेल. आज ऑइलला मान्यता मिळण्याआधी वेगवेगळ्या प्रकारचं रबर गरम ऑइलमध्ये बुडवून ठेवतात आणि त्याचा आकार, कडकपणा किती बदलला ते मोजतात. शिवाय दुकानात 'सिंथेटिक' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याचशा ऑइलचा पाया कच्च्या खनिज तेलातूनच, फार खोलवर प्रक्रिया करून काढलेला असतो. तेव्हा चांगल्या सीलला हे ऑइल बिघडवत नाही, हे खात्रीने सांगता येतं.

मग मेकॅनिकने पाहिलेली गळती आली कुठून? एक कारण सीलमध्येच असतं. इंजिनाच्या उष्णतेने रबर वर्षागणिक कडक होत जातं आणि त्याची कडा झिजते. ऑइल वेळेवर बदललेलं नसेल तर त्या झिजलेल्या फटीत काळा गाळ साचून घट्ट बसतो आणि फट बुजते. मालकाला वाटतं सील शाबूत आहे. चांगल्या ऑइलमधली सफाई करणारी द्रव्यं तो गाळ हळूहळू सोडवतात आणि बुजलेली फट मोकळी होते. मिनरल ऑइलही चांगल्या प्रतीचं असेल आणि वेळेवर बदललं जाऊ लागलं, तरी हेच घडू शकतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते पूर्णपणे आपल्या हातात असतं. सिंथेटिककडे वळताना लोक नकळत ऑइलचा ग्रेडही बदलतात. जुन्या गाडीत २०डब्ल्यू-४० असतं आणि दुकानदार ५डब्ल्यू-३० हातात ठेवतो. शेवटचा आकडा इंजिन तापल्यावरचा घट्टपणा सांगतो. ४० चं ऑइल, मग ते मिनरल असो की सिंथेटिक, १०० अंश सेल्सिअसला एकाच ठरलेल्या मर्यादेत बसावं लागतं, आणि ३० चं त्याहून पातळ असतं. पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा. तो लहान असेल तर रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइलही पातळ राहतं आणि आधीच असलेल्या फटीतून जास्त टिपकतं. महाराष्ट्राच्या हवेत जुन्या इंजिनाला शून्य किंवा पाचचा आकडा मिळवून फार काही साधत नाही. मॅन्युअलमध्ये चालत असेल तर १५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० घ्यावं आणि शेवटचा आकडा कायम ठेवावा.

समजा २००७ ची वॅगन-आर आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली, नेहमी २०डब्ल्यू-४० मिनरलवर चाललेली. बदलण्याआधी रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरायचा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल आणि दोन सर्व्हिसच्या मधे डिपस्टिकवरची पातळी फारशी उतरत नसेल, तर काम सोपं आहे. मग ऑइल भरायचं झाकण काढून आत बॅटरीचा उजेड टाकायचा. आतला धातू तपकिरी पण स्वच्छ दिसला तर ठीक. काळा, लोण्यासारखा थर असेल तर एकदम सिंथेटिक टाकू नये, आणि तीव्र फ्लशही करू नये. सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीत अडकला तर ऑइल पंपाला ऑइल मिळत नाही, आणि ते गळतीपेक्षा कितीतरी वाईट. अशा इंजिनात त्याच ग्रेडचं चांगलं ऑइल टाकून दोन-तीन हजार किलोमीटरवर फिल्टरसकट बदलावं, असं दोनदा करावं, आणि ऑइलचा दिवा लुकलुकला तर गाडी तिथेच बंद करावी.

आता या गाडीत ऑइल बदललं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर ओल दिसू लागली, असं धरू. गॅरेजमध्ये लगेच निदान होतं, "मागचं क्रँक सील गेलं." ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वस्त असतं, मजुरी मात्र भारी. इथे थांबून वर पाहायला हवं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की ऑइल इंजिनाच्या मागच्या अंगाने ओघळत नेमकं त्याच जोडावर येतं. इंजिन थंड असताना तो सगळा भाग पुसून कोरडा करावा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची वाट स्पष्ट उमटते. रेघ टॅपेट कव्हरच्या कडेपासून निघाली असेल तर पॅकिंग बदलून काम भागतं आणि गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

सील बदलूनही पुन्हा गळत असेल तर ब्रीदरची नळी आणि व्हॉल्व्ह तपासावा. तो तुंबला की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि नवं सीलसुद्धा ऑइल बाहेर ढकलतं. तपास सोपा आहे: इंजिन मंद गतीवर चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचं आणि तोंडावर कागद ठेवायचा. तो हलका ओढला गेला किंवा जागेवर राहिला तर बरं. जोराने उडाला तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टन रिंगा झिजल्यात. रिंगा झिजलेल्या गाडीचा धूर ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळसर येतो. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिणाऱ्या अशा इंजिनात महागडं सिंथेटिक ओतण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

वॅगन-आरच्या मालकाने मिनरल दर पाच हजार किलोमीटरला न चुकता बदललं असेल, तर त्याने तेच चालू ठेवलं तरी इंजिनाचं काही अडत नाही. सिंथेटिकचा खरा उपयोग उष्णतेत होतो: घाट, रहदारीत तासन् तास रांगणं, भर उन्हातला लांबचा प्रवास. तिथे ते उशिरा जळतं आणि गाळ कमी करतं. ज्याची गाडी रोज असं काम करते त्याने वळावं, ग्रेड न बदलता, आणि पहिले हजार किलोमीटर दर आठवड्याला डिपस्टिक पाहावी. मागच्या क्रँक सीलला हलकी ओल असेल पण थेंब पडत नसेल, तर क्लच प्लेट बदलण्याची वेळ येईपर्यंत थांबावं. तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच असतो आणि सील त्याच मजुरीत बसतं.