डब्ल्यू बैठक आणि मांडीच्या हाडाचा पीळ

बालवाडीत मुलांना गोष्ट ऐकायला जमिनीवर बसवलं की एखाददुसरं मूल हमखास वेगळं बसलेलं दिसतं. गुडघे पुढे, पोटऱ्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या, पावलं ढुंगणाच्या अल्याडपल्याड. वरून पाहिलं तर इंग्रजी डब्ल्यू. हेच मूल बहुधा चवडे आत वळवून चालतं आणि पळताना त्याच्या पोटऱ्या बाहेर फेकल्या जातात. मग घरात निष्कर्ष निघतो: असं बसल्यामुळेच पाय वाकडे झाले. आजी दिवसातून दहादा ‘मांडी घाल’ म्हणते, आणि पोर दोन मिनिटांत पुन्हा डब्ल्यूवर येतं.

निष्कर्ष उलटा आहे. पाय आधीपासूनच आत वळणारे असतात, म्हणून तशी बैठक सोपी जाते.

त्यामागचं कारण मांडीच्या हाडात आहे. हे हाड टेबलावर आडवं ठेवलं, गुडघ्याकडचे दोन्ही उंचवटे टेकवले, तरी खुब्याकडची मान टेबलाला समांतर राहत नाही, थोडी वर उचललेली राहते. तो कोन म्हणजे हाडाचा पीळ. मोठ्या माणसात तो साधारण 15 अंश असतो, नवजात बाळात 40 च्या आसपास. इतका पीळ असताना खुब्याचा गोळा खोबणीत नीट बसायचा तर मांडी आत वळवावी लागते. गुडघा आत जातो आणि त्याच्यामागून पाऊल. अशा मुलाला मांडी घालणं खरोखरच अवघड जातं, कारण त्यासाठी खुबा बाहेर वळायला हवा. तो हट्टीपणा नसतो.

वाढीबरोबर हा पीळ आपोआप उलगडतो. मूल उभं राहून चालू लागलं की खुब्यापुढचे मजबूत बंध आणि स्नायू वाढत्या हाडावर ताण देत राहतात आणि दरवर्षी अंश-दोन अंशांनी कोन कमी होतो. आठ ते दहा वर्षांपर्यंत बहुतेकांची चाल सरळ झालेली असते. डब्ल्यू बैठकीमुळे हे उलगडणं थांबतं, असा पक्का पुरावा नाही. बैठक बदलायला सांगण्यात गैर काही नाही, पण त्यासाठी रोज रडारड करण्यात अर्थ नाही.

मात्र पावलं आत वळण्याचं कारण दर वेळी मांडीतच नसतं. तान्ह्या बाळात ते बहुधा पावलातच असतं, नुकतं चालू लागलेल्या मुलात नडगीच्या हाडात. मांडीचा पीळ तीन ते सहा वर्षांच्या वयात जास्त नजरेत भरतो, मुलींमध्ये अधिक, आणि पुष्कळदा आईलाही लहानपणी तसाच असतो. ओळखण्याची सोपी खूण गुडघ्याच्या वाट्या. मूल समोरून चालत येताना वाट्याही एकमेकींकडे बघत असतील तर पीळ मांडीत. वाट्या सरळ आणि फक्त पावलं आत असतील तर दोष खाली.

समजा, पाच वर्षांची मुलगी आहे. डॉक्टर तिला पालथं झोपवतात, गुडघे काटकोनात दुमडतात आणि पोटऱ्या बाहेरच्या बाजूला पडू देतात. पोटऱ्या बाहेर पडतात तेव्हा खुबे आत वळत असतात, हे पालकांना पहिल्यांदा उलटंच वाटतं. हा कोन भरतो 80 अंश; मुलींमध्ये 70 पर्यंत सर्वसाधारण मानतात. पोटऱ्या विरुद्ध दिशेला वळवल्या तर जेमतेम 20. दोन्ही पाय सारखेच, वेदना नाही, लंगडणं नाही. तिला एक्स-रे लागत नाही, औषध लागत नाही. वर्षभराने पुन्हा मोजायचं, एवढंच. खास बूट, पट्टे, रात्रीच्या पट्ट्या हे सगळं पूर्वी सर्रास दिलं जाई; त्याने हाड लवकर उलगडत नाही, हे आता स्पष्ट आहे. उजवा बूट डाव्या पायात घालण्याचा घरगुती उपाय तर फक्त पाडायच्या कामाचा.

डॉक्टर सावध होतात ते वेगळ्या गोष्टींनी: एकच पाय आत वळणं, लंगडणं, दुखणं, चाल दिवसेंदिवस बिघडणं, एक पाय आखूड दिसणं, स्नायू ताठ असणं, चालायलाच फार उशीर होणं. सेरेब्रल पाल्सीत स्नायूंचा ताणच वेगळा असल्यामुळे पीळ बहुधा तसाच राहतो. आणि अंग सैल असलेलं मूल तोल सावरण्यासाठी कायम डब्ल्यूच घालत असेल, तर बैठकीपेक्षा त्या सैलपणाची तपासणी व्हायला हवी.

काही थोड्यांचा पीळ दहा वर्षांनंतरही उरतो. त्यातल्या काहींची नडगी वाढताना बाहेर वळते. पावलं सरळ पडतात, पण गुडघे आतच राहतात आणि किशोरवयात दुखू शकतात. नुसतं दिसायला बरं नाही म्हणून शस्त्रक्रिया कोणी शहाणा सर्जन सुचवणार नाही, कारण त्यात मांडीचं हाड कापून, फिरवून, पट्टी किंवा सळईने जोडावं लागतं. आठ-दहा वर्षांनंतरही पीळ 50 अंशांच्या वर असेल आणि मूल सतत अडखळून पडत असेल, तेव्हाच तो विचार होतो.