जिल्हा बदलला की गाव का पुसलं जातं? ऑनलाइन अर्जात मागे जाताना हे बघा

ऑनलाइन अर्जातल्या सगळ्या जागा सुरुवातीला दिसत नाहीत. दिव्यांग आहात का, याला 'होय' म्हटलं की खाली टक्केवारीची जागा उघडते. 'नाही' म्हटलं की ती गायब होते. ई-पीक पाहणीतही मिश्र पीक निवडलं की मुख्य पिकासोबत दुय्यम पीक विचारलं जातं. म्हणजे खालचा प्रश्न वरच्या उत्तरावर अवलंबून असतो.

घोळ होतो तो मागे जाऊन वरचं उत्तर बदलल्यावर.

समजा एका शेतकऱ्याची जमीन दोन ठिकाणी आहे, थोडी करमाळ्यात आणि थोडी जामखेडला. अर्ज जामखेडच्या रानासाठी करायचाय, पण सवयीने त्याने सोलापूर, करमाळा, गाव असं निवडलं आणि गट नंबर १४२, क्षेत्र ०.८० हेक्टर भरलं. शेवटी चूक लक्षात आली. मागे जाऊन जिल्हा अहिल्यानगर केला, तर तालुका आणि गाव दोन्ही कोरे झाले. हा बिघाड नाही. करमाळा तालुका अहिल्यानगरच्या यादीत नाहीच, म्हणून अर्ज तो काढून टाकतो. गावाचंही तसंच.

खरा धोका पुढे आहे. गट नंबर आणि क्षेत्र यादीतून निवडलेलं नसून हाताने टाईप केलेलं असेल, तर अनेक अर्जांत ते तसंच राहतं. शेतकरी तालुका आणि गाव नव्याने निवडतो, खाली भरलेलं दिसतं म्हणून पुढे जातो. आता जामखेडच्या गावापुढे करमाळ्याचा गट १४२ लागलेला असतो. तिथला १४२ दुसऱ्याच कुणाचा असणार. सातबाऱ्याशी मेळ बसत नाही आणि अर्ज परत येतो.

नीट बनवलेला अर्ज फक्त अवलंबून असलेली उत्तरं काढतो आणि नाव, बँक खातं यांना हात लावत नाही. काही अर्ज तर 'होय'चं 'नाही' करून पुन्हा 'होय' केलं, तरी आधीची टक्केवारी परत दाखवतात. सगळेच अर्ज इतके शहाणे नसतात. काहींत मागे गेलं की पुढचं सगळंच साफ होतं, विशेषतः मोबाईलचं मागे जायचं बटण दाबलं तर. म्हणून अर्जातच 'मागे' असं बटण असेल तर तेच वापरायचं. 'जतन करा' असेल तर आधी ते दाबायचं, आणि भरलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. काही पुसलं गेलंच तर त्यातून बघून भरता येतं.

वरचं उत्तर बदललं की खालची प्रत्येक जागा सातबारा हातात घेऊन पुन्हा वाचायची, भरलेली दिसत असली तरी. गावाचं नाव वाचताना तालुकाही बघायचा, कारण पिंपळगाव, वडगाव एकाच तालुक्यात नसतात. अंतिम सादर करण्याआधी पूर्ण अर्ज दाखवणारं पान येत असेल तर ही तपासणी तिथेच करावी. सादर झाल्यावर दुरुस्तीची सोय प्रत्येक अर्जात मिळत नाही.