सल्ला देणारा आणि शब्द टाकणारा

मेंटॉर कर्मचाऱ्याशी बोलतो. सादरीकरण कुठे फसले, वरिष्ठांशी मतभेद कसे मांडावेत, हे तो समजावतो. त्यासाठी त्याच्या हाती अधिकार असण्याची गरज नसते. स्पॉन्सर कर्मचाऱ्याबद्दल बोलतो, आणि तेही बहुधा त्याच्या गैरहजेरीत. बढतीच्या बैठकीत दोन तुल्यबळ नावे असली की, “हिला पुण्याचा प्रकल्प द्या, जबाबदारी माझी,” असे कुणीतरी म्हणावे लागते. हे म्हणणारा स्वतःची पत पणाला लावतो. म्हणून काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो शब्द टाकत नाही.

हर्मिनिया इबारा, नॅन्सी कार्टर आणि क्रिस्टीन सिल्वा यांनी २०१० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त नेमके हेच दाखवले. मेंटॉर असूनही स्त्रियांना बढत्या पुरुषांपेक्षा कमी मिळत होत्या. त्यांचे मेंटॉर तुलनेने खालच्या पदांवर होते. सल्ला भरपूर, पण वर शब्द टाकणारे कमी.

एकच व्यक्ती दोन्ही असू शकते. मात्र वर्षानुवर्षे गोड सल्ले देणाऱ्या वरिष्ठाने एकाही महत्त्वाच्या कामासाठी नाव सुचवले नसेल, तर तो मेंटॉरच आहे. अशा वेळी निर्णयाच्या बैठकीत बसणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी आपले काम दिसेल, अशी जबाबदारी मागून घ्यावी.