उन्हाचा रेटा आणि सौरशीड
विद्युतचुंबकीय तरंग ऊर्जा वाहून नेतो आणि ती विद्युत व चुंबकीय क्षेत्रांत निम्मी-निम्मी वाटलेली असते. तरंगाची तीव्रता, म्हणजे दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडणारी ऊर्जा, विद्युतक्षेत्राच्या आयामाच्या वर्गावर अवलंबून असते: I = ½cε₀E₀². आयाम दुप्पट झाला की तीव्रता चौपट होते. पृथ्वीजवळ, वातावरणाबाहेर, सूर्यप्रकाशाची तीव्रता सुमारे 1361 वॅट प्रति चौरस मीटर आहे. हा सारा प्रकाश एकच तरंग मानला, तर आयाम मीटरला जवळपास 1000 व्होल्ट येतो.

ऊर्जेबरोबर तरंग संवेगही नेतो. काळा पृष्ठभाग प्रकाश शोषतो तेव्हा त्यावरचा दाब I/c असतो. आरशावरून प्रकाश उलट फिरतो, म्हणून दाब दुप्पट, सुमारे 9 मायक्रोपास्कल. हवेचा दाब याच्या अब्जावधी पट असतो!

जपानने 2010 मध्ये सोडलेल्या ‘इकारोस’ यानाचे चौकोनी शीड 14 मीटर बाजूचे होते आणि केसापेक्षाही कितीतरी पातळ होते. सूर्यासमोर सरळ धरलेल्या 196 चौरस मीटरच्या आदर्श आरशावर सुमारे 1.8 मिलिन्यूटन बल यायला हवे. यानाचा वेग किती बदलतो हे पाहून काढलेले बल 1.12 मिलिन्यूटन भरले. शीड परिपूर्ण आरसा नव्हते. त्याच्या काही भागावर सौरघट होते. यानाचे वस्तुमान सुमारे 310 किलो होते, त्यामुळे एवढ्या बलाने दिवसाकाठी वेगात सेकंदाला जेमतेम 30 सेंटिमीटरची भर पडते. मात्र त्यासाठी इंधनाचा थेंबही लागत नाही. सूर्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की हा रेटा चौथाईवर येतो.